पातळ थराच्या बॅटरीत इतकी कमी वीज का मावते?

प्रश्न: «मी समुद्रपूर तालुक्यातला. आमच्या गटाकडे बियाण्याच्या सोयाबीनच्या दोनशे चुंगड्या ऑक्टोबरपासून जूनपर्यंत गोदामात असतात. प्रत्येक चुंगडीत एटीएम कार्डाएवढा चपटा टॅग टाकून तासाला एकदा तापमान आणि आर्द्रता नोंदवायची आहे. पातळ थराच्या सूक्ष्म बॅटरीचे माहितीपत्रक पाहिले, त्यात क्षमता ५० मायक्रोअँपिअर-तास लिहिली आहे. ही छपाईची चूक आहे का? एटीएम कार्डातली बॅटरी वर्षानुवर्षे चालते, मग माझा टॅग का चालू नये?»

छपाईची चूक नाही, आकडा बरोबर आहे. मी अकरा वर्षे एका प्रयोगशाळेत अशाच बॅटऱ्यांचे थर चढवण्याच्या यंत्रावर काम केले आणि आता वर्ध्यात जिनिंगवाल्यांसाठी तापमान नोंदवणारी उपकरणे बनवतो, त्यामुळे या आकड्याच्या दोन्ही बाजू मी पाहिल्या आहेत. हा आकडा इतका लहान का, हे एकदा समजले की तुमच्या टॅगला कोणती बॅटरी लावावी, हे आपोआपच ठरेल.

आधी एटीएम कार्डाचा गैरसमज दूर करू. आपल्या नेहमीच्या बँक कार्डात बॅटरी नसतेच. कार्ड यंत्रात घातले की सोनेरी चौकोनावरच्या संपर्कांतून यंत्र त्यातल्या चिपला वीज देते. कार्ड नुसते टेकवले तर यंत्राच्या १३.५६ मेगाहर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्रामुळे कार्डाच्या कडेने फिरवलेल्या तारेच्या वेटोळ्यात वीज निर्माण होते आणि तेवढ्यावर चिपचे काम भागते. बॅटरी असते ती बटण आणि छोटा पडदा असलेल्या, बदलता क्रमांक दाखवणाऱ्या कार्डांत. कार्डाची प्रमाणित जाडी ०.७६ मिलिमीटर. दोन्ही बाजूंच्या प्लास्टिकच्या पापुद्र्यांची जाडी वजा केली की आत बॅटरीसाठी साधारण ०.४ मिलिमीटर उरतात. त्यातही बहुतेक कार्डांत तुम्ही पत्रकात पाहिली ती बॅटरी नसते. तिथे चपट्या पाकिटासारखा, एकदाच वापरायचा लिथियम सेल असतो. तो पातळ असला तरी आतून नेहमीच्या सेलसारखाच, म्हणजे भुकटीचा लेप देऊन बनवलेला असतो. तुम्ही पाहिलेली बॅटरी मात्र निर्वातात अणूंचे थर एकावर एक चढवून बनते. ‘पातळ’ हा एकच शब्द दोन्हींना लावला जातो आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो.

या दुसऱ्या प्रकारच्या बॅटरीची रचना अशी असते. खाली आधाराला सिलिकॉनची किंवा अभ्रकाची चकती, त्यावर धातूचा पातळ थर, त्यावर लिथियम कोबाल्ट ऑक्साइडचा कॅथोड, त्यावर लिपॉन नावाचा काचेसारखा घन इलेक्ट्रोलाइट आणि सर्वांत वर लिथियम धातू. लिपॉन म्हणजे नायट्रोजन मिसळलेला लिथियम फॉस्फेट. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेत १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला जॉन बेट्स, नॅन्सी डडनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो विकसित केला. या बॅटरीत द्रव काहीच नाही, म्हणून ती गळत नाही आणि हजारो वेळा चार्ज होऊ शकते. हे गुण खरे आहेत, पण वीज साठते ती फक्त कॅथोडच्या थरात आणि तो थर अवघा काही मायक्रोमीटर जाडीचा असतो. (१,००० मायक्रोमीटर म्हणजे १ मिलिमीटर.)

आता हिशेब करून पाहू. लिथियम कोबाल्ट ऑक्साइडचा एक ग्रॅम, त्यातले निम्मे लिथियम वापरायचे म्हटले तर, सुमारे १३७ मिलीअँपिअर-तास देतो आणि त्याची घनता पाण्याच्या पाचपट आहे. त्यावरून १ चौरस सेंटिमीटर क्षेत्र आणि १ मायक्रोमीटर जाडी यांना जास्तीत जास्त ६९ मायक्रोअँपिअर-तास मिळतात. मी हा एकच आकडा पाठ ठेवतो. ५ मिलिमीटर लांबी-रुंदीचा थर म्हणजे पाव चौरस सेंटिमीटर. त्याची जाडी ३ मायक्रोमीटर धरली तर पाव गुणिले तीन गुणिले ६९, म्हणजे सुमारे ५२. तुमच्या पत्रकातले ५० इथून आले. या थराचे वजन भरते ०.३८ मिलिग्रॅम. तिळाचा एक दाणा साधारण ३ मिलिग्रॅमचा असतो, म्हणजे तुमच्या बॅटरीतला वीज साठवणारा सगळा माल तिळाच्या आठव्या हिश्शाएवढा आहे. यातली सगळी ऊर्जा एका दमात वापरली तरी एक किलो सोयाबीन जमिनीपासून जेमतेम सात सेंटिमीटर उचलले जाईल.

म्हणजे बॅटरीचा पदार्थ कमजोर नाही. मोबाइलच्या बॅटरीतही वर्षानुवर्षे हेच ऑक्साइड वापरले गेले आहे. इथे तो अत्यल्प आहे, एवढेच. मग तीनाऐवजी तीनशे मायक्रोमीटर का चढवत नाहीत, हा पुढचा आणि खरा प्रश्न.

पहिले कारण लिथियमच्या वाटेचे. मोबाइलच्या बॅटरीत कॅथोड भुकटीचा असतो आणि त्याच्या कणांमधल्या फटींत द्रव इलेक्ट्रोलाइट झिरपलेला असतो, त्यामुळे प्रत्येक कणापर्यंत लिथियम द्रवातून सहज पोचते. आमच्या थरात फटी नाहीत आणि द्रवही नाही. वरच्या पृष्ठभागातून शिरलेल्या लिथियमला तळापर्यंत घन पदार्थातून वाट काढावी लागते आणि त्याला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाने वाढतो. जाडी दुप्पट केली की वेळ चौपट. थर फार जाड केला तर तळाचा माल कागदावर मोजला जातो, पण वापराच्या वेगात हाती लागत नाही.

दुसरे कारण थर टिकण्याचे. कॅथोडचा थर चढवल्यावर त्याचे स्फटिक नीट बसावेत म्हणून तो साधारण ५०० ते ७०० अंश सेल्सिअसला भाजावा लागतो. थंड होताना थर आणि खालची चकती वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात आणि थरात ताण राहतो. घरी सारवताना शेणामातीचा थर जाड पडला तर वाळल्यावर तो भेगाळतो आणि पोपडे निघतात, पातळ हात फिरवला तर महिनाभर टिकतो, हे आपण लहानपणापासून पाहिले आहे. तिथे पाणी उडाल्याने माती आकसते, इथे उष्णता उतरल्याने, परिणाम तोच. शिवाय चार्ज-डिस्चार्ज होताना कॅथोड थोडा फुगतो आणि बसतो, तो ताण वेगळाच. आमच्याकडे मर्यादेपेक्षा जाड चढवलेल्या चकत्या भट्टीतून निघाल्या की सूक्ष्मदर्शकाखाली काळ्या मातीच्या उन्हाळी शेतासारख्या दिसत. हे भाजणे प्लास्टिकला सोसत नाही, म्हणून चकती सिलिकॉन, अभ्रक, सिरॅमिक किंवा धातूचीच घ्यावी लागते आणि ती स्वतः थराच्या कित्येक पट जाड असते.

तिसरे कारण वेळेचे, म्हणजे पैशाचे. थर चढवण्याच्या स्पटरिंग या पद्धतीत निर्वात पेटीतल्या प्लाझ्माचे आयन लक्ष्यतबकडीवर आपटतात आणि उडालेले अणू समोरच्या चकतीवर बसतात. माझ्या यंत्रावर कॅथोडचा थर मिनिटाला आठ-दहा नॅनोमीटर चढत असे. त्या वेगाने ३ मायक्रोमीटरसाठी पाच-सहा तास, लिपॉनसाठी आणखी एक पाळी, आणि मधेच वीज गेली तर ती संपूर्ण खेप वाया. मोठे कारखाने याहून वेगाने काम करतात, पण भुकटीचा लेप ओढणाऱ्या यंत्राशी त्यांची तुलना होत नाही.

एक तोटा मात्र जाडीशी नव्हे, लहानपणाशीच निगडित आहे आणि पत्रकात तो दिसत नाही. लिथियम हवेतल्या बाष्पाने खराब होते, म्हणून बॅटरीच्या चारही कडा नीट बंद कराव्या लागतात. या बंदिस्त पट्टीला चहूबाजूंनी १ मिलिमीटर दिला, तर ७ मिलिमीटरच्या चौकोनात कामाचा भाग ५ मिलिमीटरचाच उरतो. ४९ चौरस मिलिमीटरपैकी २५. धुऱ्यातच निम्मे शेत गेल्यासारखे हे आहे. बॅटरी मोठी केली की धुऱ्याचा हिस्सा कमी होतो, पण लिपॉनच्या थरात सुईच्या टोकाहून बारीक छिद्र राहून जाण्याची शक्यता क्षेत्राबरोबर वाढते आणि एक छिद्र आख्खी बॅटरी शॉर्ट करायला पुरते. मोठ्या आकाराचा नमुना म्हणून एसटी मायक्रोइलेक्ट्रॉनिक्सची एनफिल्म बॅटरी घ्या: २५.७ मिलिमीटरचा चौरस आणि क्षमता ०.७ मिलीअँपिअर-तास. पोस्टाच्या तिकिटाएवढे क्षेत्र व्यापूनही १ मिलीअँपिअर-तास गाठला जात नाही.

क्षमतेइतकीच अडचण आंतररोधाची आहे. लिपॉनची आयन-वाहकता खोलीच्या तापमानाला प्रति सेंटिमीटर एका सीमेन्सच्या दहा लाखांश भागाच्या सुमारे दुप्पट, म्हणजे द्रव इलेक्ट्रोलाइटपेक्षा हजारो पटींनी कमी. थर १ मायक्रोमीटरचा असल्यामुळेच ती चालून जाते. पाव चौरस सेंटिमीटरला हिशेबाने एकट्या लिपॉनचा रोध २०० ओहम येतो. कॅथोड आणि थरांमधल्या जोडांचा रोध धरून अशा लहान बॅटऱ्यांवर मी हजार ओहमपेक्षा जास्तच मोजला आहे. रेडिओने क्षणभर ५ मिलीअँपिअर मागितले तर २,००० ओहमवर १० व्होल्ट पडायला हवेत आणि बॅटरी आहे ४ व्होल्टची. म्हणजे ती एवढी वीज देऊच शकत नाही. त्यात आपल्याकडचे हवामान. लिपॉनची वाहकता तापमानावर फार अवलंबून असते: डिसेंबरच्या पहाटे १० अंशाला ती २५ अंशाच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांश राहते आणि मे महिन्यात ४५ अंशाला जवळपास चौपट होते. मेमध्ये दुपारी उत्तम चाललेले उपकरण थंडीत पहाटे बंद पडते, ते यामुळे.

यावर उपाय म्हणजे बॅटरीला समांतर कपॅसिटर लावणे. ५ मिलीअँपिअर ३ मिलिसेकंद घेतले तर १५ मायक्रोकूलॉम विद्युतभार लागतो. १०० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरवर त्याने केवळ ०.१५ व्होल्ट उतरतात आणि पुढच्या नोंदीपर्यंत बॅटरी तो सावकाश भरून काढते. मात्र इथे साधा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वापरू नका, कारण त्याची स्वतःची गळती कित्येकदा तुमच्या संपूर्ण टॅगच्या वापराहून जास्त भरते. सिरॅमिक घ्या, आणि व्होल्टेज चढल्यावर त्याची धारकता घटते म्हणून थोडा मोठाच घ्या.

आता तुमचा टॅग. इथे उत्तर तुमच्या चिपच्या झोपेतल्या करंटवर अवलंबून आहे आणि तो तुम्ही लिहिलेला नाही, म्हणून मी १ मायक्रोअँपिअर धरतो. काळजीपूर्वक बनवलेल्या मंडळाला, म्हणजे सर्किटला, तो साधतो. तासाला एक मोजणी, साठवण आणि लहानसे प्रक्षेपण मिळून ६० मायक्रोकूलॉम धरले तर दिवसाला सुमारे ०.४ मायक्रोअँपिअर-तास खर्च होतात. झोपेचा खर्च मात्र दिवसाला २४. म्हणजे जागे राहून काम करण्याचा खर्च एकूण खर्चाच्या दोन टक्केही नाही. तासाऐवजी दोन तासांनी नोंद केली तरी हाती काही लागणार नाही. ५० मायक्रोअँपिअर-तासांची बॅटरी दोन दिवसांत रिकामी होईल. ऑक्टोबर ते जून म्हणजे साधारण २४० दिवस. त्यांना लागतात जवळपास ६ मिलीअँपिअर-तास, म्हणजे अशा ११७ बॅटऱ्या.

छोट्या सौर पट्टीने ती रोज भरता आली असती तर गोष्ट वेगळी होती. उघड्यावर किंवा दिव्याखाली लावलेल्या संवेदकासाठी ही बॅटरी खरोखर चांगली आहे, कारण दिवसा थोडे भरायचे, रात्री थोडे वापरायचे आणि असे हजारो दिवस चालवायचे, यासाठीच ती बनलेली आहे. मुख्य वीज गेल्यावर घड्याळाची चिप काही तास जिवंत ठेवणे, हेही तिचे काम. पण चुंगडीच्या पोटात उजेड नाही आणि तुमची गरज आठ महिन्यांची आहे.

तेव्हा माझे मत स्पष्ट आहे: साधा सीआर२०१६ सेल वापरा. तो १.६ मिलिमीटर जाड आणि सुमारे ९० मिलीअँपिअर-तासांचा असतो. टिनाच्या गोदामातला उन्हाळा आणि सेलची स्वतःची घट धरूनही आठ महिन्यांना तो भरपूर पुरतो. ०.७६ मिलिमीटरची सक्ती कार्डाला आहे, कारण ते यंत्राच्या फटीत जायचे असते. सोयाबीनच्या चुंगडीत टॅग ३ मिलिमीटरचा झाला तरी बियाण्याचे काही बिघडत नाही. रेडिओ टाळून मोबाइल टेकवून नोंदी वाचायच्या असतील तर वाचण्यापुरती वीज मोबाइलच देईल, मात्र तो टप्पा काही सेंटिमीटरचाच असल्याने टॅग चुंगडीच्या तोंडाजवळ, शिवणीलगत ठेवावा लागेल आणि मधल्या धान्याचे तापमान त्याला कळणार नाही. गोदामात थप्पीच्या आतल्या चुंगड्या महत्त्वाच्या असतील तर रेडिओच ठेवा.

तरीही प्रयोगासाठी एखादी पातळ थराची बॅटरी मागवलीच, तर एक चूक करू नका, जी मी स्वतः केली आहे. एका संध्याकाळी मी नव्या बॅटरीला मल्टिमीटर जोडून व्होल्टेज पाहिले, ३.९ आले, आणि मीटर तसाच जोडलेला ठेवून घरी गेलो. मीटरचा अंतर्गत रोध १० मेगाओहम, म्हणजे तो ०.३९ मायक्रोअँपिअर घेत होता. आपण ज्याला शून्य समजतो ते इथे शून्य नसते: दहा तासांत जवळपास ४ मायक्रोअँपिअर-तास, म्हणजे बॅटरीचा आठ टक्के भाग मीटरनेच खाल्ला होता. सकाळी व्होल्टेज उतरलेले पाहून मी ती बॅटरी छिद्र असलेली समजून बाजूला काढली आणि त्या खेपेतल्या आणखी चार चांगल्या बॅटऱ्याही त्याच पद्धतीने ‘तपासून’ नापास केल्या. आंतरिक शॉर्ट ओळखायचा असेल तर व्होल्टेज काही सेकंद पाहून मीटर काढावा, बॅटरी रात्रभर मोकळी ठेवावी आणि सकाळी पुन्हा काही सेकंदच पाहावे. पेन्सिल सेलसारखे ॲमीटर थेट टेकवून ‘दम’ बघणे तर मुळीच नको. तसेच व्होल्टेज ३ च्या खाली जाऊ देऊ नका. त्याने बॅटरी कायमची खराब होऊ शकते.

पुढे जाण्याआधी तुमच्या मंडळाचा झोपेतला करंट मोजा. सेल आणि मंडळ यांच्या मध्ये, कपॅसिटरच्या अलीकडे, १० किलोओहमचा रोध जोडा आणि त्याला समांतर एक बटण लावा. मंडळ सुरू होताना बटण दाबून ठेवा, नाहीतर जागे होतानाच्या करंटमुळे सगळे व्होल्टेज रोधावरच पडेल. मंडळ झोपले की बटण सोडा, कपॅसिटर स्थिर होईपर्यंत थोडे थांबा आणि रोधावरचे व्होल्टेज मीटरच्या २०० मिलिव्होल्टच्या पट्ट्यावर वाचा. १० मिलिव्होल्ट आले तर १ मायक्रोअँपिअर. १०० आले तर १० मायक्रोअँपिअर, आणि मग आठ महिन्यांना ५८ मिलीअँपिअर-तास लागतील. सीआर२०१६ उन्हाळ्यात काठावर येईल आणि तुम्हाला ३.२ मिलिमीटर जाडीचा सीआर२०३२ घ्यावा लागेल. जो आकडा येईल तो इथे लिहा, चिपचे नावही द्या. आकडा १० च्या वर गेला तर बहुधा आर्द्रतेचा संवेदक झोपायला गेलेला नसतो किंवा एखादी पिन अधांतरी राहिलेली असते. पहिला शोध तिथेच घ्यावा.